दवाखान्याच्या फोन मेन्यूची वाक्यं कशी लिहावीत

छोट्या दवाखान्यात फोनवर मेन्यू बसवायचा ठरतो, तेव्हा यंत्रणा लावणारा माणूस जाता जाता सांगतो, "तेवढं काय बोलायचं ते लिहून द्या." मग ते काम स्वागतकक्षातल्या कुणाकडे तरी येतं आणि पंधरा मिनिटांत असा मजकूर तयार होतो:

"नमस्कार. आमच्या दवाखान्यात आपलं मनःपूर्वक स्वागत आहे. आपला फोन आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. आमचे पर्याय नुकतेच बदललेले असल्यामुळे कृपया संपूर्ण संदेश लक्षपूर्वक ऐकावा. ओपीडीसाठी एक दाबा. तपासणीसाठी दोन दाबा. रिपोर्टसाठी तीन दाबा. फार्मसीसाठी चार दाबा. बिलिंगसाठी पाच दाबा. चौकशीसाठी सहा दाबा. हा संदेश पुन्हा ऐकण्यासाठी सात दाबा."

वाचायला यात काही खटकत नाही, पण ऐकायला जवळजवळ प्रत्येक वाक्य अडतं. हाच मसुदा हातात घेऊन तो पायरीपायरीनं दुरुस्त करू. उदाहरणासाठी दोन डॉक्टर, एक रिसेप्शनिस्ट आणि एक नर्स असलेला दवाखाना धरू. रक्त-लघवीचे नमुने तिथंच घेतले जातात, असंही समजू.

लिहिण्याआधी आठवडाभर फोन टिपा

मेन्यूची सुरुवात वहीतून होते. एक आठवडा येणाऱ्या प्रत्येक फोनची नोंद ठेवायची आणि त्यात फोन करणाऱ्याचं पहिलं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहायचं. रिसेप्शनिस्टनं "अपॉइंटमेंट" असं लिहिलं, तर नोंदीचा निम्मा उपयोग गेला. फोनवरचा माणूस "डॉक्टरांना दाखवायचंय" म्हणाला, की "उद्याचा नंबर लावायचाय" म्हणाला, की "आज डॉक्टर आहेत का?" असं विचारलं, हे आपल्याला हवं आहे. उद्या मेन्यू ऐकताना तो हेच शब्द कानांनी शोधणार आहे.

समजा, आठवड्यात 120 फोन आले. त्यातले 58 डॉक्टरांना दाखवण्याबद्दल होते, म्हणजे नवी वेळ घेणं, घेतलेली बदलणं, रद्द करणं, डॉक्टर आज आहेत का हे विचारणं. 22 जणांना रिपोर्ट तयार झाला का ते हवं होतं. 17 जणांनी दवाखान्याची वेळ किंवा पत्ता विचारला. 11 जणांची नेहमीची औषधं संपली होती. उरलेल्या 12 फोनमध्ये बिल, प्रमाणपत्र, औषधविक्रेत्यांच्या प्रतिनिधींचे फोन असं सगळं थोडं थोडं होतं.

एवढ्यावरून मेन्यूचा आराखडा जवळजवळ ठरतो. चार पर्याय आणि उरलेल्यांसाठी शून्य. पर्यायांचा क्रम संख्येनं ठरतो: ज्यासाठी सर्वांत जास्त फोन येतात ते आधी. बिलासाठी वेगळं बटण ठेवायचं कारण नाही, कारण बिलाचे प्रश्न आणि बाकीची चौकशी शेवटी एकाच टेबलावर येतात. दोन बटणं एकाच माणसाकडे जात असतील आणि त्या माणसाला आधीच विषय कळल्यानं काही फरक पडत नसेल, तर ती दोन बटणं एक करून टाका.

दवाखान्याची नावं काढा, आजाऱ्याची वाक्यं घाला

सर्वांत जास्त वेळ याच पायरीला द्यावा, असं माझं मत आहे. मेन्यू ऐकणारा माणूस वाचणाऱ्यासारखा मागे जाऊ शकत नाही. एक पर्याय कानावर पडतो, तो आपला आहे की नाही हे त्याला लगेच ठरवावं लागतं, आणि तोवर पुढचा सुरू झालेला असतो. "ओपीडी" म्हणजे काय याचा विचार करण्यात एक क्षण गेला, की "तपासणीसाठी दोन" हे निम्मंच ऐकू येतं.

आता "तपासणी" हाच शब्द पाहा. दवाखान्याच्या लेखी तपासणी म्हणजे रक्ताची, लघवीची. पण ताप आलेल्या मुलाची आई म्हणते, "डॉक्टरांकडून तपासून घ्यायचंय." तिच्या दृष्टीनं दोनचं बटण अगदी बरोबर आहे. ती ते दाबते आणि नमुने घेणाऱ्या खोलीत घंटी वाजते. तिथून तिला परत स्वागतकक्षाकडे वळवावं लागतं. चूक तिची नाही, एकाच शब्दानं दोन कामं केली आहेत.

"रिपोर्टसाठी" यातही असाच खड्डा आहे. एकाला रिपोर्ट तयार झाला का ते विचारायचं असतं. दुसऱ्याच्या हातात रिपोर्ट असतो आणि तो डॉक्टरांना दाखवायचा असतो. तिसऱ्याला रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते समजावून हवं असतं. तिघंही "रिपोर्टसाठी" हे ऐकून थांबतील, पण पहिला सोडून बाकी दोघांना खरं तर डॉक्टरांची वेळ हवी आहे. "रिपोर्ट तयार झाला का हे विचारायचं असेल" असं म्हटलं की शब्द वाढतात, पण तिघं एकाच ठिकाणी जाण्याऐवजी आपापल्या ठिकाणी जातात.

मग "नंबर लावणे" हा घराघरांतला शब्द घ्यावा का? बोलण्यात तो उत्तम आहे, फोन मेन्यूत मात्र घोटाळा करतो. "नंबर लावण्यासाठी एक नंबर दाबा" यात कुठला नंबर कुठला, हे कानाला कळत नाही. "डॉक्टरांना दाखवायचं असेल" हा प्रयोग तितकाच ओळखीचा आणि निःसंदिग्ध आहे.

प्रत्येक पर्यायाला एक परीक्षा लावा. टिपलेल्या वहीतली पंधरावीस वाक्यं घ्या आणि प्रत्येक वाक्य कोणकोणत्या पर्यायात बसू शकेल ते पाहा. एखादं वाक्य दोन ठिकाणी बसत असेल, तर त्या दोन पर्यायांचे शब्द बदलायचे. कुठंच बसत नसेल, तर ते शून्याकडे जाईल. तिथं गर्दी दिसली तरच नवा पर्याय काढायचा.

आधी काम, मग बटण

मराठी वाक्यरचना इथं आपल्या बाजूनं आहे. "वेळ बदलायची असेल, तर एकचं बटण दाबा" यात काम आधी येतं आणि अंक शेवटी. ऐकणाऱ्याला आपलं काम ओळखू आलं, की तो पुढचा अंक पकडायला तयार असतो. "एक दाबा, अपॉइंटमेंटसाठी, दोन दाबा, रिपोर्टसाठी" अशा उलट्या क्रमात, काम कळेपर्यंत अंक विसरलेला असतो. भाषांतरित मसुद्यांत हा क्रम हमखास सापडतो. दिसला की उलटा करा.

अंकाच्या बाबतीत आणखी एक बारकावा मोठ्यानं वाचल्याशिवाय लक्षात येत नाही. "दोन दाबा" आणि "दोनदा दाबा" फोनवर फार जवळचे वाटतात. "तीन दाबा" आणि "तीनदा दाबा" यांचंही तेच. काही लोक खरंच एकच बटण दोनदा दाबतात. म्हणून पहिल्या पर्यायात "एकचं बटण दाबा" असं पूर्ण म्हणायचं आणि पुढं "तर दोनचं", "तर तीनचं" एवढंच ठेवायचं. ढाचा एकदा कानात बसला की पुन्हा पुन्हा "बटण दाबा" म्हणावं लागत नाही.

"आपणांस डॉक्टरांची वेळ निश्चित करावयाची असल्यास" ही कागदावरची मराठी आहे. ताप अंगात असताना ती ऐकून पाहा. "कृपया" प्रत्येक पर्यायात नको. आदर "दाबा" या रूपात आहेच.

सुरुवात आणि तातडीचं वाक्य

मूळ मसुद्यात पहिला पर्याय येण्याआधी 23 शब्द आहेत. स्पष्ट, सावकाश बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द होतात, म्हणजे जवळपास बारा सेकंद काहीच उपयोगाचं कानावर पडत नाही. स्वागत, महत्त्व आणि "पर्याय बदलले आहेत" ही तिन्ही वाक्यं काढून टाका. दवाखान्याचं नाव मात्र ठेवा. आपण बरोबर ठिकाणी फोन लावला, याची खात्री त्यावरूनच होते.

नावानंतर लगेच तातडीचं वाक्य. दवाखाना तातडीची सेवा देत नसेल, तर ते वाक्य मेन्यूच्या शेवटी ठेवून चालत नाही, कारण घाबरलेला माणूस शेवटपर्यंत ऐकत नाही. त्यात लक्षणांची यादी द्यावी की नाही, यावर नेहमी चर्चा होते. माझा कल न देण्याकडे आहे. "छातीत दुखत असेल, दम लागला असेल" असं म्हटलं, की ज्याचं तोंड अचानक वाकडं झालंय त्याच्या घरच्यांना ते वाक्य आपल्यासाठी नाही असं वाटू शकतं. एक व्यापक, छोटं वाक्य बरं. अंतिम शब्द डॉक्टरांना वाचून दाखवा आणि त्यांची संमती घ्या. हे वाक्य लिहिणाऱ्यानं एकट्यानं ठरवायचं नाही. तुमच्या भागातला तातडीच्या मदतीचा क्रमांक मात्र सुटे अंक सुटे उच्चारून स्पष्ट सांगायचा.

आता दुरुस्त मसुदा:

"नमस्कार. हा अमुक दवाखाना.
जिवाला धोका वाटत असेल तर हा फोन ठेवा आणि लगेच अमुक क्रमांकावर फोन करा.
डॉक्टरांना दाखवायचं असेल किंवा घेतलेली वेळ बदलायची असेल, तर एकचं बटण दाबा.
रिपोर्ट तयार झाला का हे विचारायचं असेल, तर दोनचं.
दवाखान्याची वेळ आणि पत्ता ऐकायचा असेल, तर तीनचं.
नेहमीची औषधं संपली असतील, तर चारचं.
दुसरं काही असेल, तर शून्याचं."

शब्द मोजले तर हा मसुदा 58 शब्दांचा आहे आणि जुना 47 चा. म्हणजे नवा मोठा आहे, आणि तरीही तो लवकर पोचवतो. जुन्या मसुद्यात माणूस सातही पर्याय ऐकतो, दोन-तीन आपले वाटतात म्हणून सातचं बटण दाबून पुन्हा सगळं ऐकतो आणि शेवटी चुकीच्या खोलीत पोचतो. नव्या मसुद्यात निम्मे लोक पंधराव्या सेकंदाला, पहिल्याच पर्यायावर बाहेर पडतात. संपूर्ण मेन्यू मधल्या विरामांसकट अर्ध्या मिनिटाच्या थोडा पुढं जातो. याहून लांब होऊ लागला तर पर्याय कमी करा, बोलण्याचा वेग वाढवू नका.

यंत्रणा लावणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून विचारा: संदेश चालू असतानाच बटण दाबलं तर चालतं का? नेहमीचे आजारी दोन आठवड्यांत अंक पाठ करतात. त्यांना दर वेळी पूर्ण ऐकायला लावू नये. फक्त तातडीच्या वाक्यादरम्यान बटण चालू ठेवायचं की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

बटण दाबल्यावर काय

प्रत्येक बटणामागं काय होतं तेही लिहून काढा, कारण तिथंही वाक्यं लागतात.

एक आणि शून्य रिसेप्शनिस्टकडे जातात. ती दुसऱ्या फोनवर असेल तर "थोडं थांबा, लाइन मोकळी झाली की फोन घेतो" एवढं पुरे. दोनचं बटण नर्सकडे.

तीनचं बटण फक्त रेकॉर्डिंग ऐकवतं, म्हणून त्यात जे रोज बदलत नाही तेवढंच घाला. "आज डॉक्टर आहेत का" याचं उत्तर रेकॉर्डिंगमध्ये ठेवलं आणि सुटीच्या दिवशी ते बदलायचं राहिलं, तर माणूस दारापर्यंत येऊन परत जातो. म्हणूनच वर तो प्रश्न एकच्या गटात मोजला. वेळ सांगताना "सहा" आणि "दहा" यांची गल्लत होते. फोनची जुन्या पद्धतीची लाइन साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज पुढं नेते आणि "स"चा बराचसा आवाज त्याच्या वर असतो. "सहा"तला "स" पुसट झाला, की उरतं ते "हा". त्यामुळं "सकाळी दहा ते दुपारी एक आणि संध्याकाळी सहा ते रात्री नऊ" असं प्रहरासह सांगा आणि तो भाग दोनदा ऐकवा.

चारवर निरोप ठेवायची सोय असेल तर नुसतं "आपला संदेश नोंदवा" म्हणू नका. लोक नाव सांगतात आणि फोन ठेवतात. असं म्हणा: "आजाऱ्याचं नाव, फोन नंबर आणि औषधाचं नाव सांगा. सांगून झालं की फोन ठेवा. आम्ही दुपारी दोननंतर फोन करू." शेवटचं वाक्य नर्सला विचारूनच लिहा. ती दुपारी दोनला निरोप ऐकणार नसेल, तर खरी वेळ घाला. आणि त्याआधी एक ओळ जोडा: "औषधानं त्रास होत असेल तर निरोप ठेवू नका, शून्याचं बटण दाबा." ही ओळ नसली, तर अंगावर पुरळ उठलेला माणूसही निरोप ठेवून वाट पाहत बसतो.

काहीच दाबलं नाही तर

मेन्यू संपल्यावर यंत्रणा किती वेळ थांबते, हे सहसा कुणी बघत नाही. तीन सेकंद ठेवलेले असतील तर ते कमी आहेत. मोबाइलवर बोलणाऱ्याला फोन कानापासून काढावा लागतो, काळी पडलेली स्क्रीन उजळायची वाट पाहावी लागते, कीपॅडचं चिन्ह शोधावं लागतं आणि मग अंक दाबावा लागतो. म्हाताऱ्या माणसाला याला सहा-सात सेकंद सहज लागतात. तेवढे द्या.

त्यानंतरही शांतता असेल तर पुन्हा पहिल्यापासून नको. नमस्कार आणि तातडीचं वाक्य सोडून फक्त पर्याय पुन्हा ऐकवा. दुसऱ्यांदाही काही दाबलं नाही तर "तुम्हाला आमच्या माणसाशी जोडून देतो" म्हणून सरळ रिसेप्शनला. काहींच्या फोनवरून बटणाचा स्वर पोचतच नाही, काहींना दिसत नाही. त्यांचा फोन मेन्यूनं कापला, तर ते पुन्हा कितीही वेळा लावोत, तिथंच अडकतील.

चुकीचं बटण दाबल्यावर "अवैध निवड" हे शब्द अनेक यंत्रणांत आधीच भरलेले असतात. ते काढून "त्या बटणावर काही नाही. पर्याय पुन्हा ऐका" असं घाला. दोन चुकांनंतर माणूस.

दवाखाना बंद असतानाचा संदेश पूर्ण वेगळा लिहा: तातडीचं वाक्य, उघडण्याची वेळ, हवं तर निरोपाची सोय. दिवसाचाच मेन्यू रात्री चालू राहिला, तर माणूस पर्याय निवडतो आणि रिकाम्या खोलीतली घंटी ऐकत राहतो.

रेकॉर्डिंग

पडदे, गाद्या असलेली शांत खोली घ्या, पंखा बंद करा. प्रत्येक वाक्य वेगळ्या फाइलमध्ये बोला, म्हणजे उद्या एक पर्याय बदलला तर तेवढाच पुन्हा बोलावा लागेल. मात्र पहिल्या दिवशीचाच आवाज पुढंही मिळेल, असा माणूस निवडा. पर्यायांमध्ये अर्धा-पाऊण सेकंद विराम ठेवा आणि अंकावर किंचित जोर द्या.

अनेक फोनयंत्रणांना 8000 हर्ट्झची, एका चॅनेलची, 16 बिटची फाइल लागते. `sox` हे मोफत साधन संगणकावर असेल तर असं करता येतं:

```
sox menu.wav -r 8000 -c 1 -b 16 menu-phone.wav
```

तुमच्या यंत्रणेनं वेगळं काही मागितलं तर तेच द्या. फाइल संगणकाच्या स्पीकरवर ऐकून पसंत करू नका. चढवा, साध्या मोबाइलवरून, रस्त्यावर उभं राहून फोन लावा आणि मग ठरवा.

चालू करण्याआधी आणि नंतर

पाच माणसं पुरतात, फक्त ती दवाखान्यात काम करणारी नसावीत. त्यांना "दोनचं बटण शोधा" असं सांगू नका, प्रसंग द्या: "तुमच्या वडिलांचा रिपोर्ट हातात आहे, तो डॉक्टरांना दाखवायचाय." "परवाची वेळ घेतलीय, पण जमणार नाही." "रक्तदाबाची गोळी उद्या संपते." मग कोणतं बटण दाबलं आणि कुठल्या शब्दावर ते थबकले, एवढंच टिपा. पाचातले दोघं एकाच ठिकाणी चुकले तर समजावून सांगत बसू नका, तो शब्द बदला. वरच्या मसुद्यात मला धाकधूक आहे ती "घेतलेली वेळ" या शब्दांची. तिथं कुणी अडखळलं तर "आधी घेतलेली वेळ" करून पाहा.

चालू झाल्यावर पहिला आठवडा प्रत्येक टेबलावर एक कागद ठेवा आणि चुकून आलेल्या प्रत्येक फोनवर एक रेघ मारा, शेजारी त्या माणसाचं वाक्य लिहा. नर्सच्या कागदावर "दाखवायचंय" म्हणणाऱ्यांच्या रेघा वाढल्या, तर दुसऱ्या पर्यायाचे शब्द सैल आहेत. यंत्रणेत कोणतं बटण किती वेळा दाबलं ते दिसत असेल तर शून्याकडे बघा. आपल्या उदाहरणात 120 तले 12 फोन शून्यावर यायला हवेत. तीस यायला लागले तर लोकांना आपलं काम चार पर्यायांत ओळखू येत नाहीये. तीनवर मात्र बरेच जण ऐकता ऐकता फोन ठेवतात, त्यांना वेळ कळलेली असते. ते फोन अर्धवट तुटलेल्यांत मोजू नका.

पुढं कधी नवा पर्याय घालावा लागला, समजा लसीकरणाचा, तर त्याला पाच हा अंक द्या. तो जास्त लोकांना हवा असला तरी एक ते चारची अदलाबदल करू नका. महिन्याला औषधं मागवणाऱ्या आजोबांच्या बोटाला चार पाठ झालेला असतो आणि ते आता मेन्यू ऐकत नाहीत.